जन्मतारखेचा रकाना

"मी चाळिशी ओलांडलेली बाई. माझा फोन मला म्हणतो, तुमचं वय भरत नाही, पालकांची परवानगी आणा. हा काय प्रकार आहे?" मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ बसलं की या धर्तीचा प्रश्न कानावर येतोच. याच्या उलट प्रश्न मात्र कोणी मोठ्याने विचारत नाही: सहावीतल्या मुलाला यूट्यूब मोठ्यांचे व्हिडिओ का दाखवतं? दोन्ही प्रश्नांचं मूळ एकाच ठिकाणी असतं. खातं उघडताना किंवा नंतर कधीतरी कोणीतरी घाईघाईत भरलेला जन्मतारखेचा रकाना.

सगळ्याच ऑनलाइन सेवा हा रकाना भरून घेतात आणि प्रत्येकीचे नियम थोडे वेगळे असतात. या प्रकरणात आपण मुख्यतः गूगल खातं घेऊ, कारण अँड्रॉइड फोन असलेल्या जवळपास प्रत्येकाकडे ते असतं आणि ईमेल, फोटो, यूट्यूब, प्ले स्टोअर हे सगळं त्या एकाच खात्यावर चालतं. म्हणजे तारीख चुकली की परिणामही सगळीकडे एकदम होतो.

1. वय सांगायचं कोणी?

एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट लागतं. कंडक्टर "किती वर्षांचा?" म्हणून विचारतो, आई "अकरावं लागलंय" म्हणते. मुलाला मिसरूड फुटलेलं दिसलं तर कंडक्टर दाखला मागतो, नाहीतर शब्दावर विश्वास ठेवून तिकीट फाडतो. ऑनलाइन खात्याचं तिकीटही असंच शब्दावर फाटतं. फरक दोन. कंडक्टरला मूल समोर दिसतं, संगणकाला फक्त रकान्यातले आकडे दिसतात. आणि एसटीत लोक वय कमी सांगतात, तर ऑनलाइन वाढवून सांगतात. म्हणून एसटीत पुरावा मागितला जातो तो वय कमी सांगणाऱ्याकडे आणि ऑनलाइन मागितला जातो वय वाढवू पाहणाऱ्याकडे. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या दुरुस्त्या तिच्यावर उभ्या आहेत.

खातं तुमचं वय साठवत नाही, तारीख साठवतं. आजच्या तारखेतून जन्मतारीख वजा करून वय काढलं जातं. जन्म 9 जुलै 2012 असा लिहिला असेल, तर 8 जुलै 2025 पर्यंत ते खातं बारा वर्षांच्या मुलाचं मानलं जातं आणि दुसऱ्या दिवसापासून तेरा वर्षांच्या मुलाचं. त्यामुळे काही बंधनं कोणी हात न लावता आपोआप सैल होतात. पण मुळातली तारीखच चुकीची असेल, तर तीही चुकीच्याच दिवशी सैल होतात.

त्यातून एक दिलासाही निघतो. चूक तेव्हाच बाधते, जेव्हा ती एखादा उंबरठा ओलांडते. 1978 सालचा जन्म कोणी 1987 लिहिला तर काहीही बिघडत नाही. कालही तो माणूस खात्याच्या हिशेबी प्रौढ होता आणि आजही आहे. दिवस आणि महिन्याची अदलाबदल झाली, म्हणजे 7 सप्टेंबरचं 9 जुलै झालं, तर फरक फक्त त्या दोन महिन्यांपुरता आणि तोही उंबरठ्याच्या वर्षातच. उंबरठे मोजकेच आहेत: तेरा, अठरा आणि मध्ये कुठेकुठे सोळा.

2. तेराच का?

या आकड्याला मानसशास्त्राचा फार मोठा आधार आहे असं समजू नका. अमेरिकेत 1998 साली मुलांच्या ऑनलाइन खासगीपणासाठी एक कायदा झाला आणि तो 2000 साली लागू झाला. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती गोळा करायची तर आधी पालकांची पडताळलेली संमती घ्या, असं त्याने कंपन्यांना सांगितलं. संमती घेणं खर्चाचं आणि कटकटीचं काम. म्हणून बहुतेक कंपन्यांनी सोपी वाट धरली: तेराच्या आतल्यांना स्वतंत्र खातंच द्यायचं नाही. या कंपन्या अमेरिकेतल्या असल्यामुळे तो आकडा त्यांच्याबरोबर जगभर गेला.

पुढे युरोपातल्या देशांनी आपापली रेषा ठरवली. स्वतःचं गूगल खातं स्वतः सांभाळायला जर्मनीत सोळा वर्षं पूर्ण लागतात, फ्रान्समध्ये पंधरा. भारतात गूगलची रेषा आजही तेराच आहे. मात्र आपला स्वतःचा कायदा वेगळं बोलतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी आणि तिच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं तो म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्षाची मुदत मिळाली. म्हणजे जन्मतारखेचा रकाना आपल्याकडे येत्या काळात आणखी वजनदार होणार आहे. आज बारा आणि चौदा यांत जेवढा फरक पडतो, तेवढा उद्या सतरा आणि एकोणिसातही पडू शकतो.

3. रकान्याला काय काय बांधलेलं असतं

तेराच्या आतलं मूल गूगल खातं वापरू शकतं, पण पालकांच्या देखरेखीखाली. त्यासाठी फॅमिली लिंक नावाची सोय आहे. कोणतं ॲप उतरवायचं, दिवसातून किती वेळ फोन चालेल, रात्री किती वाजता बंद होईल हे आईबापांच्या फोनवरून ठरतं. यूट्यूबसाठी दोन वाटा असतात. एक म्हणजे लहानांचं वेगळं यूट्यूब किड्स. दुसरी म्हणजे नेहमीचंच यूट्यूब, पण गाळून. या गाळणीच्या तीन पायऱ्या आहेत आणि त्यांपैकी कोणती लावायची हे पालक निवडतात. देखरेखीतल्या मुलाला स्वतःचा व्हिडिओ चढवता येत नाही, टिप्पणीही लिहिता येत नाही.

तेरा पूर्ण झाली की खातं स्वतःचं होतं, पण मोठ्यांसारखं होत नाही. तेरा ते सतरा या वयात बऱ्याच गोष्टी चालतात, फक्त त्यांची सुरुवात आवळलेल्या अवस्थेत होते. नववीतल्या मुलीने नाचाचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की तो आधी खासगी म्हणून नोंदला जातो. सगळ्यांना दिसावा असं वाटत असेल तर तिला ते मुद्दाम बदलावं लागतं. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होणं बंद असतं. "थोडं थांबा" आणि "झोपायची वेळ झाली" या आठवणी चालू असतात. शोधयंत्रातली अश्लील मजकूर गाळणारी जाळी लावलेली असते आणि आवडीनिवडी हेरून दाखवलेल्या जाहिराती बंद असतात. यांतल्या काही गोष्टी मुलाला स्वतः बदलता येतात. म्हणून याला कुलूप म्हणता येणार नाही. पण बहुतेक मुलं, आणि खरं तर बहुतेक मोठी माणसंही, सेटिंग जसं आलं तसंच ठेवतात, हे कंपन्यांना चांगलं ठाऊक आहे.

काही गोष्टी मात्र खरोखर बंद असतात. प्रौढांसाठी म्हणून खूण केलेला व्हिडिओ अठराच्या आतल्या खात्यावर उघडत नाही. खात्यात प्रवेश न करताही तो उघडत नाही, कारण मग वयच कळत नाही. फिरण्याच्या ठिकाणांची नोंद ठेवणारी सोय अठराच्या आत चालू करता येत नाही. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करायला पूर्वी तेरा वर्षं पुरत होती, 22 जुलै 2025 पासून सोळा लागतात. व्हिडिओवरच्या जाहिरातींचे पैसे स्वतःच्या नावावर घ्यायचे तर अठरा पूर्ण हवीत.

इन्स्टाग्रामने हेच आणखी घट्ट केलं. सप्टेंबर 2024 पासून त्यांनी किशोरांची खाती वेगळी काढायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ही व्यवस्था भारतात आणली. खातं खासगी, अनोळखी माणसाचा निरोप येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात सूचना गप्प. सोळाच्या आतल्या मुलाला यातलं काही सैल करायचं असेल तर पालकांची संमती लागते. इथेही हे सगळं त्या रकान्यातल्या तारखेवरच ठरतं.

4. चूक होते कशी

सगळ्यात साधी चूक बोटाची असते. फोनवर साल निवडायची यादी चालू वर्षापासून सुरू होते आणि 1979 पर्यंत जायला बराच वेळ बोट फिरवावं लागतं. मध्येच कुठेतरी हात थांबतो.

दुसरी चूक हौसेची. खातं दुकानाचं, मंडळाचं किंवा संस्थेचं असतं आणि रकान्यात स्थापनेची तारीख टाकली जाते. भरणाऱ्याला वाटतं, वाढदिवसाला ग्राहकांच्या शुभेच्छा येतील. संगणकाला दुकान कळत नाही. 2014 साली उघडलेलं दुकान त्याच्या दृष्टीने 2014 साली जन्मलेलं मूल असतं. ही चूक इतकी नेहमीची आहे की इन्स्टाग्राम खातं उघडतानाच बजावतं: खातं धंद्याचं किंवा पाळीव प्राण्याचं असलं तरी तारीख स्वतःची लिहा.

तिसरी चूक लॉकडाऊनमधली. 2020 च्या जूनमध्ये शाळा फोनवर भरू लागली तेव्हा दुसरी-तिसरीतल्या मुलांसाठी ईमेल पत्ते हवे होते. मुलाची खरी तारीख टाकली की पालकांच्या संमतीचा लांबलचक फॉर्म पुढे यायचा आणि वर्ग तर दहा मिनिटांत सुरू होणार असायचा. मग आईने स्वतःची तारीख टाकली. त्या घाईला कोणी नावं ठेवू नयेत. पण त्या पिढीतली कितीतरी मुलं आजही खात्याच्या हिशेबी पस्तीस-चाळिशीची आहेत.

आणि चौथी, थट्टेची. मार्च 2019 मध्ये ट्विटरवर एक अफवा फिरली की जन्मवर्ष 2007 केलंत तर ॲपचे नवे रंग खुले होतात. ज्यांनी करून पाहिलं ते क्षणात अकरा-बारा वर्षांचे झाले आणि त्यांची खाती बंद पडली. शेवटी असं करू नका म्हणून ट्विटरलाच जाहीरपणे सांगावं लागलं. तारीख बदलायला दोन सेकंद लागली होती. परत यायला मात्र पुरावा द्यावा लागला.

5. उतरणं सोपं, चढणं अवघड

आता दुरुस्तीकडे येऊ. गूगलची तारीख बदलण्याची जागा फार आत दडवलेली नाही. ब्राउझरमध्ये myaccount.google.com उघडा, Personal info मध्ये जा, Birthday वर बोट ठेवा. इन्स्टाग्राम आणि फेसबुकची तारीख त्यांच्या Accounts Center मध्ये, Personal details खाली Birthday इथे असते. प्रत्येक कंपनीचा रकाना वेगळा असतो. एका ठिकाणी दुरुस्त केलं म्हणून दुसरीकडे आपोआप बदलत नाही. आणि सारखंसारखं बदलताही येत नाही. नुकतीच तारीख बदलली असेल तर फेसबुक काही दिवस थांबायला लावतं.

बदल प्रौढ वयातून प्रौढ वयात असेल, म्हणजे 1987 चं 1978, तर तो मुकाट्याने होतो. मोठ्या वयातून लहान वयाकडे यायचं असेल तरी कोणी पुरावा मागत नाही. मोठा माणूस उगाच लहान कशाला होईल? पण अठराच्या आतल्या तारखेवरून अठराच्या पुढे जायचं, किंवा तेराच्या आतून बाहेर पडायचं, तर बहुतेक ठिकाणी अडवलं जातं. नाहीतर प्रत्येक मुलाने हेच केलं असतं.

एक उदाहरण पूर्ण लावून पाहू. समजा, इचलकरंजीत एक बाई घरी ब्लाउज शिवतात. वय बेचाळीस. यूट्यूबवर त्यांचं कटिंग शिकवणारं छोटंसं चॅनेल आहे आणि गिऱ्हाइकांची मापं त्याच खात्यातल्या ड्राइव्हवर ठेवलेली आहेत. 10 ऑक्टोबर 2025 ला, दिवाळीच्या तोंडावर, भाच्याने हौसेने प्रोफाइल नटवलं आणि Birthday मध्ये शिलाईकाम सुरू केल्याची तारीख टाकली: 15 ऑगस्ट 2014. खात्याच्या हिशेबी बाई अकरा वर्षांच्या झाल्या.

अशा वेळी गूगलचा नियम असा: खातेदार वयात बसत नसल्याचं लक्षात आलं की 14 दिवसांची मुदत मिळते. या मुदतीत एकतर पालकांची देखरेख लावायची किंवा वय भरत असल्याचं सिद्ध करायचं. काहीच केलं नाही तर खातं बंद होतं. त्यानंतर आणखी 30 दिवस तसेच गेले की खातं आणि त्यातलं सगळं पुसलं जातं. सूचना 10 ऑक्टोबरलाच आली असं धरलं, तर 24 ऑक्टोबरला खातं बंद आणि 23 नोव्हेंबरला चॅनेल, मापं, फोटो, ईमेल सगळं गेलं. दिवाळीची शिलाई चालू असताना ईमेल वाचायला कोणाला फुरसत असते? त्यामुळे खातं बंद पडल्यावरच धावाधाव सुरू होते. तोवर जवळपास एक तृतीयांश वेळ गेलेला असतो, पण वाट बंद झालेली नसते.

बाईंनी काय करावं? पहिलं काम म्हणजे सूचना खरी आहे का ते पाहणं. "वय सिद्ध करा, नाहीतर खातं बंद" या धाकाने लुबाडणारेही फिरत असतात. म्हणून ईमेलमधल्या दुव्यावर बोट ठेवू नये. वरचा पत्ता स्वतः टाइप करून खात्यात शिरावं. सूचना खरी असेल तर ती तिथेही दिसते.

दुसरं काम, खातं अजून चालू असेल तर आधी सामान वाचवणं. takeout.google.com या जागी ईमेल, फोटो, ड्राइव्ह, व्हिडिओ यांची गठडी बांधून उतरवून घेता येते. हे काम कंटाळवाणं आहे आणि खातं मोठं असेल तर गठडी तयार व्हायला वेळही लागतो. पण मापांची वही गेली तर काय होईल हे शिवणारी बाई आपल्यापेक्षा चांगलं जाणते.

तिसरं काम पुराव्याचं. स्क्रीनवर पर्याय येतात आणि ते देशानुसार बदलतात. सर्वसाधारणपणे दोन असतात: क्रेडिट कार्ड किंवा सरकारी ओळखपत्राचा फोटो. क्रेडिट कार्ड प्रौढालाच मिळतं, म्हणून ते वयाचा पुरावा ठरतं. त्यावर छोटीशी रक्कम तात्पुरती अडकवली जाऊ शकते आणि नंतर ती सुटते, शुल्क म्हणून काही कापलं जात नाही. क्रेडिट कार्ड नसेल, आणि यूपीआयवर चालणाऱ्या घरांत बहुधा नसतंच, तर ओळखपत्र. त्यावर जन्मतारीख स्पष्ट दिसायला हवी. इथे फोटोच घात करतो: प्लास्टिकच्या आवरणावर ट्यूबलाइटची चकाकी नेमकी तारखेवर पडते, किंवा कोपरा कापला जातो. आवरणातून कार्ड बाहेर काढून, खिडकीजवळ उजेडात, चारही कोपरे दिसतील असा फोटो काढला की निम्मी नकारघंटा टळते. तारीख पटली की ओळखपत्राचा फोटो पुसून टाकतो, असं गूगल सांगतं.

पुरावा मान्य झाला की रकान्यात बाईंची स्वतःची तारीख नांदू लागते आणि खातं पूर्ववत होतं. शिलाईकामाचं साल मिरवायचंच असेल तर चॅनेलच्या वर्णनात लिहावं, तिथे कोणी त्याची वजाबाकी करत नाही. एक गोष्ट मात्र अशा वेळी करू नये: घाबरून तारखा टाकून पाहत बसू नये. कुठली तरी चालेल म्हणून 1990, मग 1985, मग 1983 असे तीन फटके मारले तर खात्याच्या नोंदीत गोंधळच वाढतो. टाकायची ती एकदाच आणि ओळखपत्रावर छापलेली.

6. मुलाच्या खात्यावर आईची तारीख

आता उलट बाजू. मुलाचा जन्म 3 ऑगस्ट 2013 चा. 2020 मध्ये सात वर्षांचा असताना आईने वर्गासाठी खातं काढलं आणि स्वतःची 1986 ची तारीख टाकली. ऑक्टोबर 2025 मध्ये मुलगा बारा वर्षांचा आहे, खातं एकोणचाळीस वर्षांचं. बंधन एकही नाही. व्हिडिओमागून व्हिडिओ आपोआप लागतात, प्रौढांचे व्हिडिओ उघडतात, जाहिराती त्याच्या आवडीनिवडी हेरून येतात.

हे ओळखायचं कसं? मुलाच्या फोनवर Birthday चा रकाना पाहणं ही सरळ वाट. पण तिथे जायच्या आधीच शंका यावी अशी खूण म्हणजे जाहिराती. सहावी-सातवीतल्या मुलाच्या फोनवर कर्ज, विवाहस्थळं किंवा मुदत विमा यांच्या जाहिराती दिसत असतील तर तारीख एकदा तपासाच.

दुरुस्ती करताना आई दोन मनांत असते. पुढच्या ऑगस्टमध्ये तेरा पूर्ण होतीलच, मग आत्ता देखरेखीची झंझट कशाला? माझं मत असं की थांबू नये. एकतर ते दहा महिने असतात, दहा दिवस नव्हे. दुसरं, तेरानंतरही खोटी तारीख तशीच राहिली तर तेरा ते सतरामधली सगळी आवळलेली सेटिंगं त्या मुलाला कधी मिळणारच नाहीत.

करायचं असं. आईचं स्वतःचं गूगल खातं हवं, कारण देखरेख त्यातून होते. मुलाच्या खात्यातली गरजेची माहिती आधी उतरवून ठेवावी. मग मुलाच्या खात्यात खरी तारीख भरायची. वय तेराच्या आत गेलं की तीच 14 दिवसांची सूचना येते, पण या वेळी तिचं उत्तर ओळखपत्र नसून फॅमिली लिंक असतं. आई आपल्या खात्याने संमती देते, मुलाचं जुनं खातं देखरेखीखाली येतं आणि ईमेल पत्ता तोच राहतो. मूल शेजारी बसलेलं असताना हे करावं. त्याच्या नकळत केलं तर दुसऱ्या दिवशी त्याला फक्त एवढंच कळतं की आपला खेळ बंद पडला, आणि संध्याकाळपर्यंत मित्राच्या मदतीने दुसरं खातं तयार होतं, या वेळी 1995 च्या तारखेचं.

खरी तारीख भरताना साल पुन्हा एकदा वाचून घ्यावं. 2013 ऐवजी 2015 पडलं तर आज काहीच जाणवणार नाही, दोन्ही तारखा तेराच्या आतल्याच. चूक बाहेर येईल ती 2026 च्या ऑगस्टमध्ये, मुलाचा तेरावा वाढदिवस होऊनही खातं त्याला अकराचाच समजेल तेव्हा. आणि तेव्हा पुन्हा चढणीची वाट, म्हणजे पुरावा. तेरा पूर्ण झाली म्हणून देखरेख आपोआप गळून पडत नाही, तिचं पुढे काय करायचं ते ठरवावं लागतं.

7. संगणक स्वतःच वय ताडू लागला तर

शब्दावर तिकीट फाडायचे दिवस काही ठिकाणी संपत आले आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये यूट्यूबने अमेरिकेत नवी पद्धत सुरू केली. तुम्ही काय शोधता, कोणत्या प्रकारचे व्हिडिओ पाहता, खातं किती जुनं आहे यावरून यंत्र अंदाज बांधतं की समोरचा अठराच्या आत आहे की बाहेर. आतला वाटला तर लिहिलेली तारीख काहीही असो, किशोरांची बंधनं लागतात. अंदाज चुकला असेल तर प्रौढाने कार्ड, ओळखपत्र किंवा स्वतःचा सेल्फी देऊन तो खोडायचा. कार्टून पाहायला आवडणाऱ्या तिशीतल्या माणसाला याचा ताप होणार हे उघड आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की इथे रकाना बरोबर असूनही खातं लहान ठरू शकतं. तेव्हा तारीख पुन्हापुन्हा बदलून उपयोग नाही, कारण चूक तारखेत नसते.

8. आणि कागदावरचीच तारीख वेगळी असेल तर

महाराष्ट्रात 1 जूनला वाढदिवस असलेली माणसं संशय यावा इतकी जास्त आहेत. कारण ठाऊक आहे: जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी वय बसेल अशी तारीख लिहिली आणि ती पुढे दाखल्यावर, नोकरीत, पेन्शनमध्ये कायम झाली. अशा माणसाने ऑनलाइन खात्यात कोणती लिहावी? आईने सांगितलेली की दाखल्यावरची?

वय सिद्ध करायची वेळ आली की खात्यातली तारीख कागदाशी ताडली जाते, आईच्या आठवणीशी नाही. म्हणून जी तारीख ओळखपत्रावर आहे तीच लिहावी. मोठ्या माणसाच्या बाबतीत दोन-तीन वर्षांचा फरक उंबरठा ओलांडत नाही, पण जुळणारी तारीख असली की काम एका फेरीत होतं. मुलांच्या बाबतीत मात्र कागदच आपसांत भांडत असतात: जन्मदाखल्यावर एक तारीख, आधारवर दुसरी. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, त्यामुळे ती संधी ऑनलाइन खात्याच्या घाईपायी वाया घालवू नये. आधी महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला बरोबर आहे का ते पाहावं, त्याच्या आधारे शाळेच्या रजिस्टरमधली नोंद, मग आधार आणि शेवटी खातं. सर्वोच्च न्यायालयानेही 2024 मध्ये एका अपघात भरपाईच्या खटल्यात वयासाठी आधारपेक्षा शाळेचा दाखला ग्राह्य धरला होता.

दहावीच्या आत शाळेतली नोंद दुरुस्त करून घेणं बरंच सोपं असतं. एकदा बोर्डाच्या प्रमाणपत्रावर तारीख छापली गेली की दुरुस्तीचे हेलपाटे शाळेच्या कार्यालयापुरते राहत नाहीत. म्हणून मुलाची तारीख खात्यात दुरुस्त करायला बसाल तेव्हा कपाटातून जन्मदाखला आणि आधार दोन्ही काढून शेजारी ठेवा. दोन्हींवर एकच तारीख असेल तर पाच मिनिटांचं काम आहे.